पाडव्याच्याच दिवशी बीज

त्या मंगळवारी फडतऱ्यांच्या घरात करण्यासारखं काही म्हणता काही नव्हतं. कालच पहाटे अभ्यंगस्नान आणि कालच संध्याकाळी लक्ष्मीपूजन, एका दिवसात दोन सण उरकून घर दमलं होतं. आज पाडवा म्हणावा तर पाडवा नव्हता. वर सूर्यग्रहण, पहाटेपासून वेध. गोदाक्कांनी फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं ठेवली, चूल बंद म्हणून जाहीर केलं आणि पडवीत येऊन बसल्या. दिवाळीत रिकामं बसायचं म्हणजे बाईमाणसाला शिक्षाच.

"ही कसली गं दिवाळी, आजी!" नात मृण्मयी पाय पसरून बसली होती. कोल्हापूरला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करणारी, तिला चार दिवसांची रजा. "रविवारी काही नाही, सोमवारी दोन सण, आज काही नाही, उद्या परत दोन. कॅलेंडर छापणाऱ्यांनी चुकवलंय नक्की."

"छापणारे नाही चुकत. बघणारे चुकतात," गोदाक्का म्हणाल्या. "आण रांगोळीचा डबा."

आण्णा असते तर हे काम त्यांचं होतं. आण्णा फडतरे, गोदाक्कांचे यजमान, पस्तीस वर्षं मराठी शाळेत मास्तर. दर दिवाळीच्या आधी ते पंचांग घेऊन याच पडवीत बसत आणि सगळी आळी विचारायला येई. त्यांच्या शेजारी बसून तांदूळ निवडता निवडता गोदाक्कांनी सगळं ऐकलं होतं. दीड वर्षापूर्वी करोनाच्या दुसऱ्या लाटेत आण्णा गेले. मागची दिवाळी सुतकी वर्षात गेली, घरात पणती लागली नाही. त्यांच्यामागं साजरी होणारी ही पहिली दिवाळी.

गोदाक्कांनी फरशीवर रांगोळीची एक लांब रेघ ओढली आणि तिच्यावर सात ठिपके दिले. "हे सात सूर्योदय. शुक्रवार ते गुरुवार. आता खालची रेघ तिथींची." खालची रेघ त्यांनी तोडून तोडून काढली, आणि एकही तुकडा वरच्या ठिपक्याखाली नेमका सुरू होईना. "तिथी काय आपल्या घड्याळाची बांधील आहे? चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपली. चंद्राची चाल कधी जलद, कधी सावकाश. म्हणून तिथी कधी एकोणीस-वीस तासांत आटपते, कधी सव्वीस तास रेंगाळते. सुरू व्हायची दुपारी तीनला, नाहीतर पहाटे चारला, तिची मर्जी."

"मग सूर्योदयाला जी असेल ती त्या दिवसाची तिथी. एवढं मला माहितीये."

"तिथेच सगळे फसतात. ती दिवसाची तिथी झाली. सणाची नव्हे." गोदाक्कांना आता रंग चढला. "प्रत्येक सणाची आपली एक वेळ असते, आणि त्या वेळेला तिथी हजर पाहिजे. वसुबारस गाईवासराची, म्हणजे गाई घरी यायच्या वेळी, दिवस मावळताना द्वादशी हवी. शुक्रवारी सकाळी एकादशी होती, पण साडेपाचच्या आत द्वादशी लागली. झाली वसुबारस. धनत्रयोदशीचा दिवा दिवेलागणीला, म्हणून तेव्हा त्रयोदशी हवी. शनिवारी ती सहाला लागली, दिव्याच्या वेळेला मिळाली. रविवारी दिवसभर त्रयोदशीच होती की, पण दिवेलागणीच्या तोंडावर निघून गेली. म्हणून धनत्रयोदशी शनिवारी."

"आणि रविवार कोरडा का?"

"कारण नरकचतुर्दशीची वेळ पहाटेची, चंद्र उगवतो तेव्हाची. रविवारी पहाटे अजून त्रयोदशीच चालू होती, मग कसली आंघोळ? चतुर्दशी लागली रविवारी संध्याकाळी, तिला पहाट मिळाली सोमवारची. आता लक्ष्मीपूजन. त्याला दिवे लागल्यावरची अमावास्या हवी. सोमवारी संध्याकाळी साडेपाचच्या आत चतुर्दशी संपली, अमावास्या लागली. पहाट चतुर्दशीची, संध्याकाळ अमावास्येची, सण दोन आणि दिवस एक. आजही सूर्योदयाला अमावास्या होती, पण आज सव्वाचारला संपते. दिवे लागायच्या वेळी अमावास्याच नाही. म्हणून आजचा दिवस भाकड."

मृण्मयी वाकून रेघा बघत होती. "म्हणजे सूर्योदयानं मोजलं असतं तर शनिवारपासून ओळीनं सहा दिवस छान बसले असते."

"बसले असते. पण मग दिवाळी दिवसा दिवे लावून करावी लागली असती."

स्वयंपाकघराच्या दारात सून उज्ज्वला ऐकत उभी होती. तिनं विचारलं, "आणि उद्याचं कसं, आई? पाडवा आणि बीज एकाच दिवशी म्हणजे आम्हा बायकांची ओढाताणच आहे."

"पाडव्याला सूर्योदयाची प्रतिपदा. ती उद्या आहे. बीजेची वेळ दुपारची. दिवसाचे पाच भाग केले तर चौथा भाग, दीडपासून पावणेचारपर्यंतचा. उद्या दुपारी पावणेतीनच्या आत द्वितीया लागते, म्हणजे त्या भागात ती आली. परवा सूर्योदयाला द्वितीया आहे, पण पावणेएकलाच संपणार, दीड वाजायच्या आत. म्हणून बीज उद्या. सकाळी नवऱ्याला ओवाळा, दुपारी भावाला. कधी कधी तर एखादी तिथी एकही सूर्योदय न बघता निघून जाते, क्षय म्हणतात त्याला. त्यापेक्षा हे बरं."

बोलता बोलता भाऊ हा शब्द आला आणि गोदाक्का थांबल्या. रांगोळीचा डबा त्यांनी मिटला.

घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं. गोदाक्कांचा पाठचा भाऊ महिपती पिसाळ, वाईचा. हळदीची शेती, तोंडानं कमी बोलणारा माणूस. गोदाक्कांचं लग्न झाल्यापासून एकेचाळीस वर्षं तो दर बीजेला इथं रहिमतपूरला आला होता. आण्णा गेले तेव्हा रस्त्यारस्त्यावर आडवे बांबू होते. महिपती तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून आला, धुळीनं माखलेला, हातात पोलिसांचा कागद. आणि गोदाक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "लाकडं विझल्यावर आलास? जा आता." तो गेला. त्यानंतर दीड वर्ष ना फोन, ना निरोप. दसऱ्याला मात्र त्याच्या बायकोनं, सुमननं, उज्ज्वलाला फोनवर सांगितलं होतं, "बीजेला येतो म्हणतात हे." एवढंच.

तेव्हापासून गोदाक्का उद्याची वाट बघत होत्या. बोलून दाखवायचं नाव नाही, पण अनारसे कुणाला आवडतात आणि ते या वर्षी का झाले, हे उज्ज्वलाला न सांगताही कळलं होतं.

बुधवारी सकाळी उज्ज्वलानं नवऱ्याला, विश्वासला ओवाळलं. मृण्मयीनंही बापाला ओवाळलं आणि नव्या मोबाइलची मागणी नोंदवली. तेवढा वेळ गोदाक्का मागच्या दारी गाईला वैरण घालत राहिल्या. पाडवा बायकोनं नवऱ्याला ओवाळायचा सण, तिथं आपलं काम काय, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. गाईच्या गळ्याखाली हात फिरवता फिरवता डोळे भरून आले तसे त्यांनी ते कोपरानं पुसले. "यंदा एक बरं केलंस बाई," त्या पंचांगाला की गाईला, कुणाला ठाऊक, म्हणाल्या. "पाडवा आणि बीज एकाच दिवशी आणलीस. रडायचं सकाळी, हसायचं दुपारी."

दुपारी अडीचला पाट मांडला. भोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, सुपारी, अंगठी, कुंकू, अक्षता. पावणेतीन झाले. गोदाक्का दारात खुर्ची टाकून बसल्या. सव्वातीनची सातारा गाडी स्टॅंडवर आली आणि गेली. रस्त्यावरून माणसं येत होती, त्यात महिपती नव्हता.

साडेतीनला विश्वास बाहेर आला. "आई, आत ये. चहा घे."

"घेते नंतर."

"आई, तो यायचा नाही." विश्वास मामाचं नाव घ्यायचा नाही, त्या तिसऱ्या दिवसापासून तो मामाला तो म्हणत होता. "ज्या दिवशी यायला पाहिजे होतं त्या दिवशी आला नाही, तो आज काय येणार? आम्ही तर चारला कराडला निघतोय. उज्ज्वलाचा भाऊ वाट बघतोय तिकडे. तूही चल."

"त्याला बोलू नकोस," गोदाक्का म्हणाल्या. "त्याला बोलायचं ते मी बोलले. तुझी वेगळी भर नको."

पावणेचार वाजले. पंचांगातला तो चौथा भाग संपला. गोदाक्का उठल्या, निरांजनावर पदर धरून त्यांनी वात शांत केली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. एवढी कणखर बाई, पण खांदे हलत होते.

उज्ज्वलानं साडीची पिन अर्धवट लावली होती, तशीच ती मागच्या खोलीत गेली आणि तिनं थेट वाईला फोन लावला. उचलला महिपतीच्या सुनेनं, रेखानं.

"अगं रेखा, मामा निघालेत का नाही?"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? आमच्याकडे. बीजेला."

"उद्या की ओ वहिनी! आज तर पाडवा. उद्या जेवून एकच्या गाडीनं निघणार आहेत मामंजी. पिशवी भरून ठेवलीय कालपासून."

उज्ज्वलानं कपाळावर हात मारला. "अगं आजच आहे बीज! उद्या पावणेएकला तिथी संपते. कॅलेंडर बघितलं नाहीस?"

"बघितलं की. पाडवा लिहिलंय बुधवारी. मग दुसऱ्या दिवशी बीज नव्हं का?" पलीकडे पानं उलटल्याचा आवाज झाला. "अगं बाई... खाली बारीक अक्षरात आहे की हो. आता काय करायचं? आम्हांला कुणी सांगितलंच नाही. दरवर्षी आण्णा दाजींचं कार्ड यायचं."

"कसलं कार्ड?"

"तुम्हांला ठाऊक नाही? नवरात्रात यायचं. कुठला सण कुठल्या वारी, सगळं दाजी लिहायचे, आणि खाली बीजेला वाट पाहतो म्हणून. आमची दिवाळी त्या कार्डावर चालायची. यंदा मामंजी नऊ दिवस पोस्टमनला विचारत होते. दाजी गेले तरी आक्का धाडेल म्हणाले. आलं नाही तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग सुमनआत्यांनीच आपलं तुम्हांला फोन करून सांगितलं, येतो म्हणतात म्हणून."

उज्ज्वलानं फोन ठेवला तेव्हा गोदाक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. फोनचा आवाज मोठा ठेवायची सवय उज्ज्वलाला त्यांच्याच कमी ऐकण्यामुळं लागली होती.

"कार्ड," त्या म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. "आण्णा लिहायचे आणि पत्ता मी सांगायचे. दरवर्षी. यंदा घटस्थापनेला माझ्या मनात आलं होतं, लिहावं का? मग म्हटलं, त्याचा तो बघेल. आळीत बारा जणींना मी बीज कधी ते सांगितलं, उज्ज्वला. गोठ्यातल्या गड्यालासुद्धा सांगितलं. भावाला तेवढं नाही सांगितलं."

"आई, असू दे. त्यांना सांगू उद्या सकाळच्या गाडीनं या म्हणून. पावणेएकपर्यंत द्वितीया आहे."

"गुडघ्यानं अधू माणूस पहाटेच्या गाडीला लोंबकळत येणार? का, तर मी त्याला कळवलं नाही म्हणून?" गोदाक्का उठल्या. डोळे पुसले आणि पदर खोचला. "मी जाते."

"कुठं?"

"वाईला. आत्ता."

विश्वास गाडीची चावी फिरवत आत येत होता, तो थबकला. "आई, काहीतरीच काय? एकेचाळीस वर्षं तोच इकडे आलाय. तू कधी त्याच्याकडे गेलीयस ओवाळायला? आणि चौथा भाग का काय तो, तो तर टळला."

"तो भाग दिवस ठरवायला लागतो. दिवस आज ठरलाय. ओवाळायला संध्याकाळ चालते, द्वितीया अजून घरात आहे. आणि माहेरी जायला मला कुणाची परवानगी रे?"

"पण गाडी एक आहे! वाई तिकडे, कराड इकडे."

खरं होतं. कराडला उज्ज्वलाचा भाऊ, त्याच्या दोन बहिणी आधीच पोचलेल्या, तिसरीसाठी जेवण थांबलेलं. गोदाक्कांचा चेहरा पडला. "नाही, नाही," त्या म्हणाल्या. "तुझी बीज मोडून मी माझी करू? मी एसटीनं जाते."

"दिवाळीत एसटीत उभं राहायला जागा मिळायची नाही," उज्ज्वला म्हणाली. तिनं साडीची उरलेली पिन नीट लावून टाकली. "आई, तुम्हीच काल फरशीवर काढून दाखवलंत ना? उद्या सूर्योदयाला द्वितीयाच आहे. आमच्या कराडची माणसं सूर्योदयच बघतात, त्यांना बारीक हिशेब कुठं कळतो? मी उद्या सकाळी सातच्या गाडीनं जाते, दहाला ओवाळते. पावणेएकच्या आत. शास्त्राला काही बोल लावायला जागा नाही."

"शास्त्र दुपार म्हणतं."

"शास्त्र दुपार म्हणतं, आणि माझा भाऊ सकाळ म्हणेल. त्याला मी सांभाळते. तुमचा भाऊ दीड वर्ष थांबलाय."

गोदाक्कांनी सुनेकडे बघितलं. सासू-सुनेत वीस वर्षांत भांडणं काय कमी झाली होती! चहात साखर किती यावरून झाली होती. त्यांनी हात पुढे केला आणि उज्ज्वलाच्या गालावरून फिरवला, कानशिलाशी बोटं मोडली. "चल मग. तूही चल. मला तिथं तोंड फुटलं नाही तर तू बोल."

विश्वासनं हात टेकले. "चला. बसा. पण मी आत यायचा नाही त्याच्या घरात."

"नको येऊस. गाडीत बसून राहा," आई म्हणाली.

गाडी साताऱ्याच्या रस्त्याला लागली. मांडीवरच्या ताम्हणाला गोदाक्कांनी दोन्ही हातांनी धरलं होतं, निरांजनातलं तूप सांडू नये म्हणून प्रत्येक खड्ड्याला विश्वासला दटावत होत्या. पाचवडच्या पुढं ऊन उतरलं. मृण्मयी मागून म्हणाली, "आजी, मामाआजोबांनी तोंड फिरवलं तर?"

"फिरवू दे. पाठीला ओवाळीन."

पण महिपतीनं तोंड फिरवलं तर काय करायचं हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. माहेरचं म्हणून आता जगात तेवढा एकच उरला होता.

वाईत शिरून पिसाळांच्या रानाशी गाडी थांबली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. महिपती गोठ्यापुढं कडबा तोडत होता, अंगात जुनी बंडी, दाढी वाढलेली. गाडीचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली. आधी उज्ज्वला दिसली, मग मृण्मयी, आणि मग ताम्हण सांभाळत सावकाश उतरणारी थोरली बहीण. त्याच्या हातातून कोयता खाली पडला.

"आक्का? तू? आज?"

"आजच," गोदाक्का म्हणाल्या. "पाडवा सकाळी झाला. आता बीज आहे."

"मला तर उद्या..."

"ठाऊक आहे. चूक तुझी नाही, कार्ड मी धाडलं नाही." एवढं बोलून त्यांना दम लागला. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं कुठं गेलं कुणास ठाऊक. "महिपती, त्या दिवशीही चूक तुझी नव्हती. रस्ते बंद होते, मला दिसत होतं. तुझ्या तोंडावरची धूळ दिसत होती. पण माझा माणूस मला शेवटचा बघायलासुद्धा मिळाला नव्हता, आणि मला कुणाला तरी बोलायचं होतं. सरकारला बोलू, का देवाला? समोर तू होतास. तू माझा, म्हणून तुला बोलले."

बंडीच्या बाहीनं महिपतीनं नाक पुसलं, लहानपणी पुसायचा तसंच. शेवटी म्हणाला, "चार ठिकाणी अडवलं होतं गं मला. खंबाटकी घाट ओलांडून पुण्याकडनं येत नव्हतो, आपल्याच जिल्ह्यात अडवलं."

"अडवलं असेल."

"दाजींना खांदा द्यायचा होता."

"हो रे."

मग मात्र त्याला उभं राहवेना. तो गव्हाणीच्या कडेला बसला आणि रडला, आणि ताम्हण उज्ज्वलाच्या हातात देऊन गोदाक्का त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. सुमन आणि रेखा दारात उभ्या राहून पदर डोळ्यांना लावत होत्या. गाडीत बसून राहणार म्हणालेला विश्वास कधी उतरला कळलं नाही, तो खाली पडलेला कोयता उचलून पडवीवर नीट ठेवत होता. मग मामाजवळ येऊन वाकला आणि पाया पडला.

"उठ रे," महिपती म्हणाला. "जाड झालास."

"आणि तुम्ही दाढी करत नाही," विश्वास म्हणाला.

"तसाच ओवाळू का काय याला?" गोदाक्का एकदम भानावर आल्या. "जा, अंघोळ कर. बीजेचा भाऊ बंडीत? सुमन, पाणी आहे का गरम? आणि पाट कुठं ठेवलास गं? रेखा, रांगोळी!" बहिणीचा आवाज पुन्हा थोरल्या बहिणीचा झाला आणि घरातल्या सगळ्या बायका भराभरा कामाला लागल्या.

दिवे लागले तेव्हा महिपती पाटावर बसला होता, धुतलेलं धोतर, सदरा, ओले केस. गोदाक्कांनी त्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली आणि निरांजनानं ओवाळलं. महिपती खिसे चाचपायला लागला. उद्याच्या पिशवीत घालून ठेवलेली साडी त्याला आठवली आणि तो उठायला लागला, तर गोदाक्कांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"साडी राहू दे. उठू नकोस, जेव आधी."

"जेवणार कसा?" महिपती म्हणाला. "बीजेला घरचं खायचं नसतं. बहिणीच्या हातचं खायचं असतं. सुमननं केलेलं खाल्लं तर ती बीज कसली?"

हे मात्र गोदाक्कांच्याही डोक्यात आलं नव्हतं. एकेचाळीस वर्षं तो त्यांच्या घरी जेवत आला होता, त्यामुळं प्रश्नच पडला नव्हता. त्या हसल्या. सुमनकडे वळून म्हणाल्या, "सरक गं. तुझी चूल दे मला."

"घ्या की वन्सं," सुमन म्हणाली. "चूल तुमचीच आहे. पीठ वरच्या डब्यात आहे."

आपल्या आईच्या स्वयंपाकघरात गोदाक्का किती वर्षांनी चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी झुणका टाकला, चार भाकरी थापल्या. पोळी, श्रीखंड काही नाही, वेळ कुठला होता? पहिली भाकरी फुगलेली तव्यावरून थेट भावाच्या ताटात गेली. बाकीची सगळी मंडळी भोवताली बसून बघत राहिली आणि महिपती खाली मान घालून जेवू लागला. दोन घास झाले, तीन झाले.

चौथ्या घासाला तो थांबला. झुणक्याकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"आक्का," तो म्हणाला, "मीठ विसरलीस."

दीड वर्षात भावानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. गोदाक्का मिठाचा डबा घेऊन उठल्या, आणि त्याच्या ताटात मीठ वाढताना हसू आणि रडू त्यांना एकाच वेळी आवरेना.